नखाखालचे रक्त : आरा कोठे चालवावी, टाका कोठे घालावा

दारात बोट चेंगरलेले मूल आपल्याकडे येते ते बहुधा दुसऱ्या दिवशी. आरमोरीच्या आसपासच्या गावांत जुनी घरे अजून सागवानी दारांची आहेत. वारा सुटला की ते जड दार आपल्या वजनाने आदळते, आणि बिजागरीच्या बाजूला बोट असेल तर दाराचा संपूर्ण दाब एका पेरावर येतो. प्रवासी जीपचे दार आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका यांनीही हेच घडते. रात्री घरात हळद-चुना लागतो, मूल झोपत नाही, आणि सकाळी काळेनिळे नख घेऊन आई दवाखान्यात किंवा औषधी दुकानाच्या पायरीवर उभी राहते. त्या क्षणी आपण काय करतो याविषयी मला वैद्यबंधूंशी व औषधविक्रेत्यांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे.

माझ्या पाहण्यात आपल्याकडून दोन टोकांच्या चुका होतात. काहीजण लेप देऊन "रक्त आपोआप जिरेल" असे सांगतात आणि रुग्णाला दोन रात्री निष्कारण तळमळत ठेवतात. दुसरे काहीजण, विशेषतः ज्यांनी रुग्णालयात उमेदवारी केली आहे असे तरुण वैद्य, नख निम्म्याहून अधिक काळे दिसले की ते उपटून खाली टाके घालावे लागतील असे सांगून घरच्यांना घाबरवून सोडतात. माझे मत असे की नख जागेवर घट्ट बसलेले असेल तर ते उपटू नये, त्याला छिद्र पाडून रक्त काढून द्यावे. आणि नख मुळाशी सुटलेले असेल तर त्याला आपण हातही लावू नये. या दोन वाक्यांतील फरक ओळखणे हेच या आघातातील वैद्याचे खरे काम आहे.

छिद्र पाडण्याची ही गोष्ट आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसऱ्या, म्हणजे भग्नचिकित्सेच्या अध्यायात, नखसंधी चेंगरून त्यात रक्त साचले असता आरा नावाच्या शस्त्राने वेध करून रक्त वाहू द्यावे व नंतर शालिपिष्टाचा लेप करावा असे स्पष्ट सांगितले आहे. आरा म्हणजे चर्मकाराच्या आरीसारखे टोकदार शस्त्र. सूत्रस्थानात ते वेधनाच्या शस्त्रांत मोजलेले आहे. आपण ते परीक्षेपुरते पाठ करतो. अध्याय भग्नाचा असल्यामुळे हाड जोडण्याच्या चर्चेत हा उपचार वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो, आणि सद्योव्रणाच्या अध्यायात शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

वेध का करावा याचे कारण मात्र सद्योव्रणाच्या दुसऱ्या अध्यायात मिळते. पिच्चित व घृष्ट व्रणांत रक्त फारसे बाहेर वाहत नाही आणि ते न वाहिल्यामुळे दाह व पाक होतो, असा तेथील आशय आहे. नखाखाली नेमके हेच होते. वर कठीण नख, खाली लगेच हाड, आणि मध्ये नखतळाचा पातळ, मज्जातंतूंनी भरलेला थर. त्यात चमचाभरही नव्हे, काही थेंब रक्त साचले तरी त्याला पसरायला जागा नसते. म्हणून हृदयाच्या ठोक्याबरोबर बोट ठणकते आणि हात खाली सोडला की ठणका वाढतो. दुखणे जखमेपेक्षा दाबाचे असते. दाब गेला की दुखणे काही मिनिटांत निम्म्यावर येते.

गेल्या धानकापणीच्या दिवसांतील एक रुग्ण सांगतो. नऊ वर्षांचा मुलगा, डाव्या हाताचे मधले बोट. संध्याकाळी सातच्या सुमारास दारात सापडले, माझ्याकडे आला तो दुसऱ्या दिवशी दहा वाजता. हळद-चुन्याचा थर आधी कोमट उकळलेल्या पाण्याने सोडवून घेतला, कारण त्याखाली काय आहे हे दिसल्याशिवाय मत देणे म्हणजे अंदाज बांधणे. (चुना दाहक आहे. फाटलेल्या कातडीवर तो घालू नका हे आपण सांगत आलो तरी घरोघरी चालूच आहे.) नखाचा सुमारे पाऊण भाग जांभळा-काळा होता. पण नखाच्या दोन्ही कडा बाजूच्या मांसात व्यवस्थित रुतलेल्या होत्या, मुळाशी नख त्वचेच्या घडीखाली होते, नखावर कोठे फट नव्हती. मुलाला शेवटचे पेर वाकवायला आणि सरळ करायला सांगितले, ते त्याने रडत का होईना पण केले. टोकाला स्पर्श कळत होता, दाबून सोडल्यावर लाली परत येत होती.

टोकाच्या हाडावर दाबले असता दुखत होते म्हणून आधी उपजिल्हा रुग्णालयातून एक्स-रे काढून आणविला, समोरून आणि बरोबर बाजूने असा. हाडाच्या टोकाला बारीक चीर होती, तुकडे सरकलेले नव्हते. अशी चीर असली तरी नख हेच त्या हाडाची पट्टी असते; नख उपटले तर आधारच गेला. तेव्हा वेध करण्याचे ठरविले.

कृती साधी आहे, पण घाईची नाही. बोट पोव्हिडोन-आयोडीनने स्वच्छ करून कोरडे होऊ दिले. १८ क्रमांकाची निर्जंतुक इंजेक्शनची सुई नखावर उभी धरून, अंगठा व तर्जनी यांत गिरमिटासारखी फिरवीत हलक्या दाबाने खाली नेली. जागा रक्ताच्या डागाच्या मध्यावर, नखाच्या मुळाजवळील पांढऱ्या चंद्रकोरीपासून दूर. कारण त्या चंद्रकोरीखाली नख जन्मते आणि तेथे इजा झाली तर नख आयुष्यभर दुभंगलेले उगवू शकते. नख पार होताच हाताला प्रतिकार एकदम कमी झाल्याचे कळते. तेथेच थांबावे, आणखी एक मिलिमीटर म्हणजे नखतळात सुई. काळसर रक्ताचे थेंब स्वतःहून वर आले. छिद्र फार बारीक राहिले तर तासाभरात गुठळीने बुजते आणि ठणका परत येतो, म्हणून सुई थोडी फिरवून ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंद केले व शेजारी दुसरे एक पाडले. बधिर करण्याची गरज पडली नाही. नखाला वेदना नसते. मुलगा अर्ध्या तासाने बाहेरच्या बाकावर बसून बिस्किट खात होता.

तापविलेल्या तारेनेही हे करतात. कागद अडकविण्याची पोलादी टाचणी सरळ करून तिचे टोक लाल केले की ती नखातून क्षणात जाते आणि खालच्या रक्ताला लागताच थंड होते. अग्निकर्म करणाऱ्या मित्रांना हा मार्ग सोयीचा वाटेल, परंतु आपली पंचधातूची शलाका या कामासाठी जाड आहे आणि उष्णता फार काळ धरून ठेवते. ती येथे वापरू नये. स्पिरिटने पुसलेले ओले बोट किंवा नखरंग लावलेले नख यांजवळ तापलेली तार नेणे म्हणजे पेट घेण्याला आमंत्रण. कृत्रिम नखे तर लगेच पेटतात.

आता शालिपिष्टाविषयी. येथे काही ज्येष्ठ माझ्यावर नाराज होतील. धानपट्ट्यात तांदळाची पिठी कोणत्याही घरी मिळते आणि सूत्र पूर्ण पाळावे असा आग्रह मी ऐकला आहे. पण छिद्र पाडल्यावर ते उघडे राहणे हाच उपचार आहे. पिठी वाळली की तेच छिद्र बुजते. शिवाय हाडाला चीर असताना त्याच्या वाटेवर घरची ओली पिठी ठेवणे म्हणजे जंतूंना अन्न देणे. वेध सुश्रुताचा घ्यावा, लेपाच्या जागी कोरडी निर्जंतुक जाळी ठेवावी, आणि थंडावा हवा असेल तर थंड पाण्याची घडी कोरड्या पट्टीवरून, बोटाच्या मागच्या भागावर द्यावी. पहिले दोन दिवस बोट भिजवू नये, तेल-तूपही छिद्रावर नको. हात उशीवर उंच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, मुलाच्या दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, सहा तासांच्या अंतराने.

वेध कधी करू नये हेही सांगावयास हवे. डाग लहान असेल आणि ठणका नसेल तर काहीच करू नये. दोन दिवस उलटून गेल्यावर रक्त गोठलेले असते आणि दुखणेही ओसरलेले असते. तेव्हा भोक पाडून फक्त जंतूंना वाट मिळते.

नख निम्मे काळे असेल तर उपटावे हा नियम आला कोठून? काही वर्षांपूर्वीपर्यंत शल्यशास्त्राच्या पुस्तकांत तो होता. एवढे रक्त म्हणजे खाली नखतळ फाटलेला असणारच, आणि फाटला असेल तर शिवलाच पाहिजे, अशी त्यामागची मांडणी. पहिला भाग पुष्कळदा खरा असतो. दुसरा तपासून पाहिल्यावर टिकला नाही. १९९१ साली अमेरिकेत सीबर्ग व सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांत केवळ छिद्र पाडून काय होते ते पाहिले, आणि डाग कितीही मोठा असला तरी नख चांगले उगवले. १९९९ साली रोझर व गेलमन यांनी मुलांमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना केली. नख व त्याच्या कडा शाबूत असतील तर उपटून शिवलेल्या आणि नुसत्या छिद्र पाडलेल्या बोटांत पुढे फरक दिसला नाही. शाबूत नखाखालचा फाटका नखतळ नखाच्याच दाबाखाली जुळून राहतो. डागाचा आकार हा टाक्याचा निकष नाही. नखाच्या कडा व मूळ हा निकष आहे.

मग टाके केव्हा लागतात? नख अर्धवट उचकटलेले असेल, मुळातून घडीबाहेर आलेले असेल, किंवा चिंधडलेले असेल तेव्हा खालचा नखतळ पाहून शिवावा लागतो. जखम नखातून बाजूच्या त्वचेत गेली असून कडा उघड्या पडत असतील, टोक लोंबत असेल, हाड दिसत असेल किंवा हाडाचे तुकडे सरकलेले असतील, तर तेथेही शल्यकर्म हवे. याउलट बोटाच्या मांसल बाजूला पडलेली चीर कडा जुळून बसत असेल तर चिकटपट्टीने बांधली तरी भरते. टोकाचे मांस सुमारे एक चौरस सेंटिमीटरपर्यंत गेले असून हाड उघडे नसेल, तर मुलांत ओलसर झाकणाऱ्या पट्टीखाली ते आश्चर्यकारक रीतीने भरून येते. तेथे कातडी ओढून ताणून टाके घालणे हे नुकसानच. चेंगरलेले मांस पुढच्या दोन दिवसांत सुजते, आणि घट्ट टाका सुजलेल्या मांसाला कापीत जातो.

या बाबतीतही सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायाची आठवण ठेवण्यासारखी आहे. आत रक्त किंवा शल्य शिल्लक असलेला व्रण शुद्ध केल्याशिवाय शिवू नये, आणि अल्पमांस जागी व सांध्यावर दोन अंगुळांची गोल सुई घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. टाके फार दूर वा फार जवळ नकोत, हेही. आज नखतळासाठी ६-० क्रमांकाचा आपोआप विरघळणारा धागा वापरतात, भिंगातून पाहून, बोटाच्या मुळाशी लिग्नोकेनने बधिर करून आणि रबरी पट्टीने रक्त थांबवून. ती रबरी पट्टी काढावयाची विसरल्यामुळे बोट काळे पडून गमवावे लागते. म्हणून तिला चिमटा लावून ठेवतात, की ती नजरेतून सुटू नये. हे सर्व ज्याने हाताखाली शिकले आहे व ज्याला त्याची अनुज्ञा आहे त्यानेच करावे. शिवून झाल्यावर जुने नख परत बसवावे की टाकून द्यावे यावर फार वाद होता. २०२३ साली ब्रिटनमधील २० रुग्णालयांतील ४५१ मुलांवरच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नख परत बसविल्याने जंतुसंसर्गात वा नखाच्या रूपात लाभ दिसला नाही. म्हणजे आईने सुटलेले नख कागदात बांधून आणले नाही म्हणून तिला दोष देण्याचे कारण नाही. मांसासह तुटलेले टोक मात्र आणावे : ओलसर स्वच्छ जाळीत गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी बारा वर्षांची एक मुलगी लोखंडी फाटकात अनामिका चेंगरून आली. नखाचे मूळ घडीतून निसटून वर आले होते, थोडे रक्त येत होते, आणि बोटाचे टोक किंचित खाली झुकलेले होते. नख शेजारच्या बोटापेक्षा लांब दिसत होते. मी समजलो, नख सुटले आहे. वर आलेला भाग कापला, जखम त्रिफळा-क्वाथाने धुतली, बांधले आणि सोडून दिले. एक्स-रे सांगितला नाही. नवव्या दिवशी ती पू घेऊन आली. तेव्हा काढलेल्या चित्रात शेवटच्या पेराचे हाड वाढीच्या रेषेजवळ मोडून उघडे पडल्याचे दिसले. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, हाडाचा संसर्ग आवरायला कित्येक आठवडे औषधे लागली. बोट वाचले, ते आज आखूड आहे आणि नख वाकडे आहे.

या मोडीला १९६६ साली तिचे वर्णन करणाऱ्या सेमूर यांचे नाव आहे. वाढत्या वयातील मुलांतच ती होते. नखाचे मूळ हाडाच्या वाढीच्या रेषेला इतके लगटून असते की हाड तेथे मोडले की नखतळ फाटतो, नख घडीबाहेर येते आणि मोडलेले हाड बाहेरच्या हवेला उघडे होते. पुष्कळदा फाटलेल्या नखतळाची घडी मोडीच्या फटीत अडकते, त्यामुळे बाहेरून ओढून हाड जुळत नाही. समोरून काढलेल्या चित्रात हे सहज चुकते. बरोबर बाजूने काढलेल्यातच फट दिसते. दिसायला मात्र "नख सुटले" एवढेच. अध्याय तिसराच सांगतो की मोडलेले बोट सरळ करून पातळ पट्ट्याने वेढावे व घृताचा सेक करावा. बंद मोडीला ती दिशा योग्य आहे. परंतु वाढीच्या रेषेची ही उघडी मोड संहितेत वेगळी काढलेली नाही, आणि एक्स-रेवाचून ती काढता येण्यासारखीही नव्हती. सूत्रात सर्व काही आहे असे म्हणून मी त्या दिवशी क्वाथावर थांबलो, ही गोष्ट मी लपवीत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना माझी विनंती मोजकी आहे. काळे बोट समोर आले तर मलम वा लेप हाती देण्यापूर्वी नखाचे मूळ पाहा, बोट सरळ होते का विचारा, आणि बोटात अंगठी असेल तर सूज चढण्यापूर्वी ती उतरवून घ्यायला सांगा. घट्ट चिकटपट्टी गोल गुंडाळून देऊ नका. आणि मार लागल्याचे आठवत नसताना नखाखाली काळा डाग आहे, असे कोणी प्रौढ सांगत असेल तर नखाच्या मुळापाशी कोरून खूण करावयास सांगा. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. रक्ताचा डाग खुणेबरोबर पुढे सरकतो. डाग मुळापाशीच राहिला तर तो रक्ताचा नाही, आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविणे तातडीचे आहे. दार लागलेल्या नखाचे काय होईल असे विचारणाऱ्या आईला सांगावे की जुने नख काही आठवड्यांत सुटेल व नवे पूर्ण यायला चार ते सहा महिने लागतील. सुश्रुताने अभिघाताने रूक्ष, काळे व खरखरीत झालेल्या नखाला कुनख म्हटले आहे. तो निष्कर्ष सहा महिन्यांच्या आत काढू नये.

उरला पाठविण्याचा प्रश्न. आरमोरीहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा पलीकडे ब्रह्मपुरी गाठता येते, पण रात्री कुरखेडा वा वैरागडच्या बाजूच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला वाहन मिळत नाही. बोटाला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून साधी नखतळाची जखम धुऊन, ओलसर निर्जंतुक जाळीने झाकून, हात उंच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी शिवली तरी चालते. नखाचे मूळ वर आलेले मूल, लोंबते टोक, आणि पांढरे वा निळे पडून स्पर्श न कळणारे टोक यांना मात्र सकाळची वाट पाहावयास लावू नये; मुळाशी सुटलेल्या नखाचे मूल २४ तासांच्या आत शल्यचिकित्सकाच्या हाती पोहोचले पाहिजे. चिठ्ठीत दुखापतीची वेळ, बोट कोणते, कोणत्या हाताचे, धनुर्वाताची लस केव्हा झाली आणि आपण काय लावले हे लिहावे. शेवटी "नखाचे मूळ घडीबाहेर, बाजूने एक्स-रे घ्यावा" एवढे शब्द ठळक अक्षरांत.